त्वचानिगेच्या उत्पादनावरील खोटे रिव्ह्यू : तक्रार कोणी, कोठे आणि कोणत्या कागदांनिशी करावी

ऑनलाइन बाजारात स्वतःच्या ब्रँडने फेस सीरम, क्रीम किंवा फेसवॉश विकणाऱ्या लहान उत्पादकांचे रिव्ह्यू हटवण्याचे अर्ज बहुतेक वेळा एकाच कारणाने परत येतात. अर्जात लिहिलेले असते की, ‘हा रिव्ह्यू खोटा आहे आणि त्यामुळे आमचे नुकसान होत आहे.’ अर्ज तपासणाऱ्याला मात्र खरेखोटे ठरवायचे नसते. रिव्ह्यूने बाजाराचा लिखित नियम मोडला आहे की नाही, एवढेच तो पाहतो. तुमच्या सीरमने एखाद्याच्या गालावर पुरळ आले की नाही हे त्याला ठाऊक नसते आणि त्याच्या साच्यातल्या उत्तरांत त्यासाठी जागाही नसते. त्यामुळे प्रत्येक रिव्ह्यूसाठी एकच नियम निवडून तो मोडल्याचा पुरावा जोडणे, हेच या अर्जातले खरे काम आहे.

अर्ज कोण करू शकतो

विक्रीच्या पानावर कोणीही रिव्ह्यूखालील `Report` हा पर्याय दाबू शकतो. त्यासाठी पात्रता लागत नाही. पुढच्या पायऱ्यांवर मात्र तुम्ही त्या उत्पादनाचे मालक आहात हे दाखवावे लागते. यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या वर्गातील, म्हणजे तिसऱ्या वर्गातील, ट्रेडमार्कची नोंदणी किंवा निदान दाखल अर्जाची पोच आणि राज्याच्या परवाना प्राधिकरणाने दिलेला सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 खालील निर्मिती परवाना जवळ असावा. हा परवाना सीओएस-8 नमुन्यातला असतो. माल दुसऱ्याच्या कारखान्यात लोन लायसन्सवर बनत असेल तर नमुना सीओएस-9 असतो. परवान्यावरचे नाव, लेबलवरचे नाव आणि विक्रेता खात्यावरचे नाव ही तिन्ही जुळत नसतील, तर अर्ज तिथेच अडकतो. मालकी आईच्या नावावर आणि विक्रेता खाते मुलाच्या नावावर अशी घरगुती रचना असेल, तर अधिकारपत्र आधीच करून ठेवावे.

आधी वर्गवारी, मग अर्ज

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकजवळच्या एका लहान उत्पादकाच्या 30 मिलीच्या व्हिटॅमिन सी सीरमवर दोन दिवसांत सहा एक-तारा रिव्ह्यू पडले. त्याने सहाही रिव्ह्यू एकाच अर्जात घालून ‘स्पर्धकाचे कारस्थान’ असे लिहिले. अर्ज फेटाळला गेला, आणि या रूपातला अर्ज फेटाळला जाणारच होता.

पहिल्या रिव्ह्यूत खोका चेपलेला होता आणि बाटली गळत होती अशी तक्रार होती. ॲमेझॉनच्या नियमांनुसार पॅकिंग, वाहतूक आणि विक्रेत्याची सेवा हे उत्पादनाच्या रिव्ह्यूचे विषय नाहीत. त्यामुळे या रिव्ह्यूसाठी ‘उत्पादनाविषयी नाही’ हे कारण लागू पडते. गळती पंपाच्या सदोष झाकणामुळे होत असेल, तर मात्र ती उत्पादनाचीच तक्रार ठरते आणि हे कारण टिकत नाही.

दुसऱ्याने लिहिले होते, ‘सीरम पिवळे पडले, जुना माल दिला.’ या रिव्ह्यूला हात लावता येत नाही आणि तो अन्यायकारकही नाही. एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे सीरममधले व्हिटॅमिन सी, हवा, उजेड आणि उष्णता यांच्या संपर्कात ऑक्सिडाइझ होते आणि सीरम आधी पिवळट, मग तपकिरी होते. ग्राहकाने रंग बरोबर पाहिला आहे. तो बदल नेमका कारखान्यात, गोदामात की स्नानगृहाच्या खिडकीवर झाला, हे बॅच पाहिल्याशिवाय कळणार नाही. तिसऱ्याच्या चेहऱ्याची आग झाली आणि पुरळ उठले. हाही अनुभव आहे. अशी सीरम बऱ्यापैकी आम्लधर्मी बनवावी लागतात, त्यामुळे संवेदनशील त्वचेला चुरचुरणे अनपेक्षित नाही. असा रिव्ह्यू खोटा आहे असा अर्ज करू नये. तो फेटाळला जातोच, शिवाय पुढे खरोखरची त्वचाप्रतिक्रिया निघाली तर तोच अर्ज तुमच्याविरुद्ध उभा राहतो. त्याऐवजी त्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना आणि विश्लेषण अहवाल काढून पाहावा.

चौथ्या आणि पाचव्या रिव्ह्यूतील वाक्ये जवळजवळ सारखी होती आणि दोन्हींच्या शेवटी एकाच दुसऱ्या ब्रँडचे सीरम घेण्याचा सल्ला होता. दोन्ही खात्यांची सार्वजनिक पाने उघडल्यावर त्यांनी एकाच आठवड्यात त्या ब्रँडला पाच तारे दिल्याचे दिसले. खरा अर्ज येथे आहे. या दोन रिव्ह्यूंचा एकच वेगळा अर्ज करून त्यात दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी मांडावेत, चारही रिव्ह्यूंचे दुवे द्यावेत आणि कारण म्हणून ‘प्रचारकी व संगनमताचा रिव्ह्यू’ एवढेच लिहावे.

सहावा रिव्ह्यू होता, ‘क्रीम चिकट आहे, डबी अर्धी रिकामी.’ उत्पादन तर सीरम होते. विक्रेत्यानेच सीरम आणि क्रीम एका पानावर प्रकार म्हणून जोडले होते, त्यामुळे दोन्हींचे रिव्ह्यू एकत्र दिसत होते. ही तक्रार रिव्ह्यूची नसून पानाच्या रचनेची आहे. ती उत्पादने वेगळी करण्याची विनंती विक्रेता खात्यातून करावी लागते. इतरांच्या ताऱ्यांचा फायदा मिळावा म्हणून असंबद्ध उत्पादने जोडणे नियमांत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणजे सहापैकी तिघांबाबत अर्ज होऊ शकतो, एकाबाबत पान दुरुस्त करायचे आणि दोन रिव्ह्यू तसेच राहणार.

जो पुरावा पुरावाच नसतो

‘या नावाची ऑर्डर आमच्याकडे नाही’ हे वाक्य बहुतेक अर्जांत असते आणि त्याचा उपयोग शून्य आहे. रिव्ह्यूवर दिसणारे नाव ग्राहकाने स्वतः निवडलेले असते. ऑर्डरवरच्या नावाशी ते जुळावे असा नियम नाही. `Verified Purchase` ही खूण नसणे हाही खोटेपणाचा पुरावा नव्हे, कारण दुकानातून घेतलेल्या वस्तूवरही लोक रिव्ह्यू लिहितात.

अर्जासोबत लागतात त्या गोष्टी साध्या आहेत : रिव्ह्यूचा स्थायी दुवा, उत्पादनाचा `ASIN` क्रमांक, तारीख व वेळ दिसणारे पूर्ण पानाचे छायाचित्र आणि लिहिणाऱ्याच्या सार्वजनिक पानाचा दुवा. ही छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढावीत. हटवलेला किंवा बदललेला रिव्ह्यू परत मिळत नाही. जवळजवळ कोणाकडेच नसते ती नोंद म्हणजे कोणत्या बॅचच्या बाटल्या कोणत्या तारखेला पाठवल्या याची. ती असेल तर पिवळे पडलेल्या सीरमची तक्रार एका बॅचपुरती आहे की सगळीकडची, हे सांगता येते.

ग्राहकाला पैसे परत देतो, पण रिव्ह्यू काढा, असा संदेश कधीही पाठवू नये. नियमभंग तिथे तुमचा होतो आणि विक्रेता खाते त्यासाठी बंद होऊ शकते. पुरेसे संताप आणणारे रिव्ह्यू वाचल्यावर हा मोह सर्वांनाच होतो, म्हणून हे स्पष्ट लिहिले आहे.

पहिल्या नकारानंतर

येथे मुदतींचा गोंधळ सुरू होतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये ऑनलाइन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे असे आहे. विक्रेते हाच नियम उद्धृत करतात, पण तो ‘ग्राहकाच्या तक्रारी’साठी आहे. माल विकणारा उत्पादक येथे ग्राहक नाही, त्यामुळे 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही त्याच्या कामाची नाही. शिवाय 48 तास हे पोच देण्यासाठी आहेत, निकालासाठी नव्हेत. त्या मुदतीनंतर रागाने पाठवलेली स्मरणपत्रे नोंदीत फक्त गर्दी करतात.

उत्पादकाला लागू पडतात ते माहिती तंत्रज्ञान नियम, 2021. त्यांत ‘वापरकर्ता किंवा पीडित’ तक्रार करू शकतो, म्हणून तक्रार अधिकाऱ्याला लिहिताना आपण पीडित म्हणून अर्ज करत असल्याचे स्पष्ट नमूद करावे. पोच 24 तासांत मिळायला हवी. निकालाची मुदत मूळ नियमांत 15 दिवसांची होती. या नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहून मुदत मोजावी. एक महत्त्वाची अडचण अशी की, 2022 च्या दुरुस्तीने निषिद्ध मजकुराच्या यादीतून ‘बदनामीकारक’ हा शब्द वगळला गेला. तरीही ‘आमची बदनामी’ हेच कारण लिहिलेले अर्ज रोज जातात. दिशाभूल करणारी, ढळढळीत खोटी माहिती किंवा दुसऱ्याच्या नावाने वावरणे, ही कारणे यादीत आहेत. पुरावा असेल तर त्यांतले एक निवडावे.

तक्रार अधिकाऱ्याच्या उत्तरानंतर `gac.gov.in` वर तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत अपील करता येते. हे 30 दिवस अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्याच्या दिवसापासून मोजायचे, रिव्ह्यू पडल्याच्या दिवसापासून नाही. उत्तराचा ईमेल जाहिरातींच्या कप्प्यात पडून राहिला म्हणून मुदत गेली, असे घडू नये यासाठी अर्जात रोज पाहिला जाणारा पत्ता द्यावा.

स्पर्धकाचा हात असल्याचा सज्जड पुरावा असेल तर आणखी एक मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दुसऱ्याच्या मालाची खोटी निंदा करणारी माहिती देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहिणे वर्ज्य आहे. याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. मात्र हे प्राधिकरण ग्राहकवर्गाचे हित पाहते, एका ब्रँडचा घटलेला खप नव्हे. त्यामुळे अर्ज ‘आमची विक्री पडली’ असा न लिहिता ‘ग्राहकांची फसवणूक होत आहे’ या अंगाने लिहावा. रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 19000:2022 हे मानक आहे, पण ते ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. तेवढ्या आधारावर बाजारावर सक्ती होत नाही.

न्यायालयात जायचे असेल तर

बदनामी हे कारण खऱ्या अर्थाने फक्त येथे चालते. श्रेया सिंघल खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार मध्यस्थ संकेतस्थळावर मजकूर काढण्याचे बंधन येते ते न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश पोचल्यावर. तुमच्या वकिलाची नोटीस त्यासाठी पुरेशी नसते. लिहिणारा अज्ञात असेल तर त्याची माहिती देण्याचा आदेशही न्यायालयाकडेच मागावा लागतो. लेखी बदनामीच्या भरपाईच्या दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. रिव्ह्यू अजून पानावर दिसतो आहे म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते असे समजू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये हा युक्तिवाद नाकारला आहे. अपिलांत गेलेले महिने या वर्षातूनच वजा होतात.

छायाचित्रे न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली आणि फाइल बदलली की बदलणारी अक्षर-अंकांची ओळखखूण, लिहावे लागते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या छायाचित्राची फाइल बदललेली असते, त्यामुळे तिचे हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. ज्या संगणकावर छायाचित्र काढले त्यावरच मूळ फाइल ठेवून त्याच दिवशी हॅश काढून लिहून ठेवावे. विंडोजवर त्यासाठी ही एक ओळ पुरते :

```
certutil -hashfile review1.png SHA256
```