वेध (ग्रहणकालीन) : इंदूरच्या मराठी घरांतील पालन

ग्रहण लागण्याआधी जेवणखाण वर्ज्य मानण्याचा जो काळ, तो वेध. ग्रहणातील स्नान, जप, दान सर्वपरिचित आहेत. घराघरांत वाद होतो तो वेध नेमका कधी लागतो यावर.

या कल्पनेचा उगम निश्चित सांगता येत नाही. ऋग्वेदात (५.४०) स्वर्भानूने सूर्य झाकल्याची कथा आहे, पण तिथे उपवासाचा काळ ठरवलेला नाही. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकातच ग्रहणाचे कारण छाया असल्याचे मांडले होते. प्रहरांत मोजलेला वेध धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत स्थिरावलेला दिसतो. मराठी घरांत प्रमाण मानला जातो तो पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधू’ (१७९०).

नियम असा : ग्रहण ज्या प्रहरात लागते त्याच्या आधीचे चार प्रहर सूर्यग्रहणाचा वेध, तीन प्रहर चंद्रग्रहणाचा. प्रहर म्हणजे दिनमानाचा किंवा रात्रिमानाचा चौथा भाग. त्यामुळे तो ऋतूप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतो. सोय म्हणून पुष्कळजण प्रहर सरसकट तीन तासांचा धरून स्पर्शाच्या, म्हणजे ग्रहण लागण्याच्या, वेळेतून नऊ किंवा बारा तास वजा करतात. ग्रंथाचे शब्द पाहता पहिली रीत अधिक ग्राह्य वाटते.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात हा फरक उघड झाला. स्पर्श रात्री ९:५७ ला आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणे, सुमारे १:२७ ला होता. हिंदी वृत्तपत्रांनी नऊ तास वजा करून ‘सूतक’, म्हणजे वेध, दुपारी १२:५७ ला दिले. मुंबईसाठी गणित केलेल्या पंचांगात वेध १२:३७ पासून होता. इंदुरात त्या दिवशी सूर्यास्त ६:३८ च्या सुमारास, म्हणजे रात्रीचा दुसरा प्रहर साडेनऊला सुरू झाला आणि स्पर्श त्यात पडला. मागे तीन प्रहर मोजले की बरोबर स्थानिक मध्यान्ह येते : सुमारे १२:२५. मुंबईचे मध्यान्ह रेखांशामुळे बारा मिनिटे उशिरा होते, म्हणून तिथे १२:३७. घरात मुंबई-पुण्याचे पंचांग आणि दाराशी हिंदी पेपर, अशा वेळी आजींचा आणि शेजारणीचा वेध सुमारे वीस मिनिटांनी वेगळा निघतो. दोघींपैकी गणितात कोणीच चुकलेले नसते.

विज्ञाननिष्ठ कुटुंबांत “हे सगळं थोतांड आहे” असे म्हटले की ज्येष्ठ हट्टाने पाणीही सोडतात. त्यापेक्षा ग्रंथातली सवलत पुढे ठेवलेली उपयोगी पडते. बाल, वृद्ध आणि आजारी यांना वेध दीड प्रहर किंवा तीन मुहूर्तच सांगितला आहे. वरील ग्रहणात दीड प्रहराने वेध पाचच्या सुमारास लागतो. या मंडळींसाठी पंचांगे बहुधा हीच वेळ छापतात. तीन मुहूर्त, म्हणजे सुमारे अडीच तास, घेतले तर तो साडेसातला येतो. मधुमेही सासूबाईंना “आई, तुमच्याच धर्मसिंधूत आहे, सात वाजता जेवून घ्या” असे सांगता येते. रात्रीची गोळी त्या जेवणाबरोबरच जाते. गोळी घेतली आणि जेवण टाळले तर साखर उतरते : घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत हा धोका जास्त. अशी लक्षणे दिसताच ग्रहण चालू असले तरी साखरपाणी द्यावे; पुढच्या ग्रहणाआधी डोस डॉक्टरांना विचारून ठेवावा. सूर्य ग्रस्त असतानाच मावळला (ग्रस्तास्त) तर दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब पाहूनच जेवायचे असते. आजाऱ्यांनी हा नियम धरू नये.

शिजलेले अन्न टाकून देण्यावरही तडजोड असते. पाणी, ताक, कांजी यांत तीळ-दर्भ घातल्यास दोष नाही, असे वचन आहे. दर्भाच्या जागी तुळशीपत्र ही लोकरूढी. मात्र पौर्णिमेला, अमावास्येला आणि रविवारी तुळस तोडत नाहीत, आणि ग्रहण पौर्णिमा-अमावास्येलाच येते. म्हणून पाने आदल्या दिवशीच खुडून ओल्या फडक्यात ठेवतात, आणि दुधाच्या पातेल्यात, लोणच्याच्या बरणीत एकेक टाकतात. दुपारी बेताचाच स्वयंपाक केला की टाकायला काही उरत नाही.

गर्भवतीने चिरू-शिवू नये या समजुतीमागे ओठ फाटलेल्या बाळाची भीती आहे. ओठाची जडणघडण गर्भारपणाच्या पहिल्या दोनेक महिन्यांतच होते आणि ग्रहणाशी तिचा संबंध नाही. सुरी बाजूला ठेवल्याने काही बिघडत नाही, म्हणून सुना बहुधा तेवढे ऐकतात. उपाशी राहणे मात्र टाळतात.

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहता येते. सूर्यग्रहणाला काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंग काच लागते. चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ छायेतून जातो अशा छायाकल्प चंद्रग्रहणाला पंचांगकार वेध धरत नाहीत.