पाच टक्क्यांचं ट्रेझरी बिल ५.२ टक्के का देतं?

अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी बिलावर व्याज मिळत नाही. बिल दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात विकत घ्यायचं आणि मुदत संपली की पूर्ण दर्शनी रक्कम घ्यायची. मधला फरक हीच कमाई. लिलावाच्या निकालात मात्र त्याच बिलापुढे दोन दर छापलेले असतात, एक डिस्काउंट रेट आणि दुसरा इन्व्हेस्टमेंट रेट. दुसरा जवळपास नेहमीच मोठा असतो.

समजा, १०,००० डॉलरचं २६ आठवड्यांचं, म्हणजे १८२ दिवसांचं बिल ५ टक्के डिस्काउंट रेटने विकलं गेलं. सूट काढताना १०,००० ला ०.०५ ने गुणायचं, मग १८२ ने गुणून ३६० ने भागायचं. उत्तर येतं २५२.७८ डॉलर. म्हणजे बिलाची किंमत ९,७४७.२२ डॉलर.

या हिशेबात दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे वर्ष ३६० दिवसांचं धरलंय. दुसरी त्याहून मोठी: टक्केवारी १०,००० वर काढलीय, पण तेवढे पैसे तुम्ही गुंतवलेलेच नाहीत. खिशातून गेले ९,७४७.२२. किंमत ठरवायला ही पद्धत सोपी आहे, पण बँकेतल्या ठेवीच्या दराशी तिची तुलना करायला गेलं की फसगत होते.

म्हणून दर नव्याने काढायचा. २५२.७८ ला ९,७४७.२२ ने भागलं की १८२ दिवसांची कमाई २.५९३ टक्के येते. तिला ३६५ ने गुणून १८२ ने भागलं की वर्षाचा दर ५.२०१ टक्के. हाच इन्व्हेस्टमेंट रेट. नुसते ३६० चे ३६५ दिवस केले असते, तर दर ५.०६९ पर्यंतच पोहोचला असता. उरलेली वाढ भाजक बदलल्यामुळे आली. तुमचं उत्तर ५.०६९ वरच थांबलं, तर बहुधा भागाकारात दर्शनी रक्कमच राहून गेलीय.

बिल जारी झाल्यानंतरच्या वर्षभरात २९ फेब्रुवारी येत असेल, तर ३६५ च्या जागी ३६६ घेतात. मग हाच दर ५.२१५ होतो. हातात एक सेंटही जास्त पडत नाही, तरी दर वाढतो!

५२ आठवड्यांच्या बिलाला मात्र हे सूत्र चालत नाही. ट्रेझरीच्या रोख्यांवर दर सहा महिन्यांनी व्याज मिळतं आणि ते पुन्हा गुंतवता येतं. बिलात अधेमधे काहीच हाती येत नाही. दोघांची तुलना रास्त व्हावी म्हणून सहा महिन्यांहून मोठ्या मुदतीच्या बिलासाठी ट्रेझरी वर्गसमीकरण वापरते. त्यात सहामाही व्याजावरचं व्याज धरलेलं असतं. ५ टक्के डिस्काउंटच्या ३६४ दिवसांच्या बिलाला साधं सूत्र लावलं तर ५.३४ टक्के येतात, ट्रेझरीच्या सूत्राने ५.२७. कमाई तीच, पण पहिला आकडा रोख्याच्या दराशेजारी ठेवला तर बिल आहे त्याहून सरस भासेल.