ओसरत जाणारा थकवा आणि दोन दिवसांनी आदळणारा थकवा

कोविडचा ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला आठवडाभरात जातो, इस्पितळाची पायरी चढावी लागत नाही. तरीही महिन्याभराने फोंड्याहून पणजीला कदंबाच्या बसने नोकरीला जाऊन घरी परतेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, पेज घे, बरं वाटेल." या एकाच 'अशक्तपणा' शब्दाखाली दोन वेगळे थकवे लपलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिल्यात हळूहळू काम वाढवलं की माणूस सुधारतो. दुसऱ्यात तेच केलं की तो आणखी खाली जातो. म्हणून रक्त तपासायला धावण्याआधी आपला थकवा कोणत्या जातीचा आहे हे ओळखावं.

पहिला थकवा सर्वांच्या ओळखीचा आहे. विषाणूशी लढताना शरीराने शक्ती खर्च केलेली असते, आठ-दहा दिवस पडून राहिल्याने स्नायूंची ताकद कमी झालेली असते, झोप आणि जेवण विस्कटलेलं असतं. अशा माणसाला आल्तिनोचा चढ चढताना धाप लागते, पण बसलं की पाच-दहा मिनिटांत सावरतं. रात्री झोपला की सकाळी बऱ्यापैकी ताजातवाना उठतो. बहुतेकांचा हा थकवा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो आणि काहींचा बारा आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन दिवस चांगले, एक वाईट, असं चालतं. मात्र या आठवड्यातला वाईट दिवस गेल्या आठवड्यातल्या वाईट दिवसापेक्षा थोडा बरा असायला हवा. आज आणि काल यांची तुलना फसवते, आठवड्याची आठवड्याशी करावी.

दुसऱ्या थकव्याची खूण म्हणजे त्याचा उशीर. काम करताना माणूस ठीक असतो, कधीकधी तर "आज बरं वाटतंय" म्हणून चार कामं जास्तच उरकतो. त्यानंतर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी तो कोसळतो. केलेल्या कामाच्या मानाने हे कोसळणं फार मोठं असतं आणि त्यासोबत घसा दुखणं, अंग मोडून येणं, डोकं जड होणं, शब्द न आठवणं, उजेड-आवाज सहन न होणं अशी लक्षणं येतात. जणू पुन्हा ताप येणार. एका रात्रीच्या झोपेने हे जात नाही, दोन-चार दिवस, कधी आठवडाभर टिकतं. नुसत्या शारीरिक श्रमानेच हे होतं असंही नाही. हिशेबाच्या वह्या घेऊन चार तास बसणं किंवा घरात पाहुण्यांचा राबता असणं तेवढंच भोवतं. उशिरामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ बसत नाही, म्हणून रुग्ण डॉक्टरला सांगतो, "काहीच केलं नव्हतं, तरी सोमवारी उठता येईना." शनिवारी काय केलं होतं, हे कोणी विचारलेलंच नसतं.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, बेचाळीस वर्षांची एक बाई आहे, फोंड्यात राहते, पणजीला कार्यालयात बसून काम करते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सौम्य कोविड झाला, नवव्या दिवशी ती कामावर गेली. पाचव्या आठवड्यात चवथ आली. शनिवारी घराची साफसफाई आणि नेवऱ्यांसाठी पीठ मळणं, रविवारी सकाळी माटोळीचं सामान आणायला बाजार. रविवारी रात्रीपर्यंत ठीक. सोमवारी दुपारी अंगाला दगड बांधल्यासारखं झालं, घसा खवखवू लागला, स्वयंपाकघरात कशाला आलो तेच आठवेना. गुरुवारी जरा सावरली. शुक्रवारी राहिलेली कामं उरकली आणि रविवारी पुन्हा आडवी.

हे चक्र कागदावर उतरल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी दोन आठवडे वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या: दिवसभरात काय केलं (चाललं, उभं राहिलं, डोकं चालवलं), संध्याकाळी थकवा दहापैकी किती, आणि झोप कशी झाली. मग आजच्या थकव्यासमोर काल आणि परवाचं काम ठेवून पाहायचं. पहिल्या प्रकारात थकवा त्याच दिवशीच्या कामाशी जुळतो. दुसऱ्यात तो काल-परवाच्या कामाशी जुळतो. या बाईच्या वहीत आठ-नऊ आकड्यांचे दिवस दोनदा आले आणि दोन्ही वेळा जास्त कामाच्या दिवसानंतर दोन दिवसांनीच आले. असं निदान करणारी रक्ततपासणी आज नाही, ही वहीच तपासणी आहे.

दोन थकव्यांच्या उपायांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. पहिल्या थकव्यात बसून राहणं नुकसानीचं. दहा मिनिटांच्या सपाट रस्त्यावरच्या चालण्याने सुरुवात करावी, तीन-चार दिवस जमलं की दोन-तीन मिनिटं वाढवावी. दुसऱ्या दिवशी आधीइतकंच बरं वाटत असेल तर पुढे जायचं. दुसऱ्या प्रकारात ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेणं टाळावं. तिथे उलटा हिशेब करायचा: वाईट दिवशीही झेपेल इतकंच काम रोज, चांगल्या दिवशीही त्याहून जास्त नाही. चवथीचं काम शनिवारी एकदम न करता तासाचे तुकडे पाडून आठवडाभर, मध्ये अर्धा तास डोळे मिटून पडणं, पीठ मळायला उभं न राहता स्टुलावर बसणं. कोसळण्याशिवाय दोन-तीन आठवडे गेले तरच इंचभर वाढवायचं. लोकांना हे आळस वाटतं. तो समज घरच्यांच्या डोक्यातून काढणं गोळ्यांपेक्षा अवघड जातं.

आता तपासण्या. चार आठवड्यांच्या आत, लक्षणं कमी होत असतील, तर सहसा काही तपासायची गरज नसते. आजारानंतर लगेच केलेली काही तपासणी दिशाभूलही करते. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, पण संसर्गात आणि सुजेत ते वाढतं, म्हणून लोह कमी असूनही अहवालात ते ठीक दिसू शकतं. थायरॉइडचे आकडेही आजारपणात काही आठवडे हलतात. लॅबमध्ये साठ-सत्तर घटकांचं 'पॅकेज' मिळतं ते तर घेऊच नये. लॅबची 'सामान्य' मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी ९५ टक्के बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्या साठ आकड्यांतही दोन-तीन लाल रंगात येतील आणि त्यांच्यामागे पुन्हा तपासण्या लागतील. कोविडच्या अँटिबॉडीजचा आकडा थकव्याबद्दल काहीच सांगत नाही. आरटी-पीसीआर पुन्हा करूनही उपयोग नाही, ती बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

मग तपासावं कधी? चार ते सहा आठवड्यांनंतर सुधारणा थांबली असेल किंवा थकवा वाढत असेल तर. तेव्हाही मोजकंच: हिमोग्लोबिनसह सीबीसी, फेरिटिन आणि सोबत अंगात सूज आहे का ते सांगणारी सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लिव्हरची तपासणी आणि लघवी. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर बी१२. खोकला किंवा धाप बारा आठवडे टिकली असेल तर छातीचा एक्स-रे. या तपासण्या कोविडचा माग काढायला नाहीत. कोविडच्या निमित्ताने उघडे पडलेले इतर आजार शोधायला आहेत: रक्ताची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, किडनी. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलं असेल तर साखर तपासणं जास्त महत्त्वाचं.

एक तपासणी फुकट आहे आणि ती घरीच होते. उठल्यावर, चहाच्या आधी, दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग उभं राहून, न हलता, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजा. जवळ कोणीतरी असू द्या, चक्कर आली तर लगेच बसा. नाडी मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब फारसा घसरला नाही, तर उभं राहिल्यावर हृदयाची गती सांभाळण्यात बिघाड असू शकतो. वरचा रक्तदाब वीस किंवा खालचा दहाने उतरला, तर ते वेगळं, त्याची कारणं वेगळी. दोन्हीत आकड्यांचा कागद घेऊन डॉक्टरकडे जावं. गोव्यातल्या दमट उकाड्यात घाम जातो, त्यामुळे हे अधिक जाणवतं. पाणी आणि मीठ घातलेली पेज इथे खरंच उपयोगी पडते, मात्र रक्तदाबाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मीठ विचारूनच वाढवावं.

थांबायचंच नाही अशी लक्षणंही आहेत: विश्रांतीतही धाप, छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, खोकल्यातून रक्त, किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरवर वारंवार ९३ किंवा त्याखाली. तेव्हा वही बाजूला ठेवून बांबोळीचं गोमेकॉ किंवा जवळचं इस्पितळ. आणि बरं झाल्यावर पुन्हा ताप चढला तर तो थकव्याच्या खात्यात टाकू नये. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, शेतात काम असेल तर लेप्टो, आणि सत्तरी तालुक्यात कोरड्या दिवसांत माकडताप डोक्यात ठेवून तपासायला हवा.

आपल्या उदाहरणातल्या बाईचा अहवाल सहाव्या आठवड्यात आला: हिमोग्लोबिन १०.८, फेरिटिन १४, सीआरपी सामान्य, टीएसएच २.६, एचबीए१सी ५.६. सीआरपी सामान्य असल्याने फेरिटिनवर विश्वास ठेवता येतो: लोह कमी आहे, आणि पाळीत जास्त रक्त जात असल्याचं विचारल्यावर कळलं. "सापडलं कारण" म्हणून इथेच थांबण्याचा मोह होतो. पण लोहाच्या कमतरतेने जिना चढताना धाप लागते, उभं राहायला नको वाटतं. दोन दिवसांनी कोसळणं हे त्याचं लक्षण नव्हे. म्हणजे तिच्यात दोन गोष्टी एकावर एक बसल्या होत्या. डॉक्टरांनी लोहाची गोळी एक दिवसाआड सुरू केली, चहा-कॉफीपासून लांब, जमल्यास लिंबासोबत. महिन्याने हिमोग्लोबिन १२ झालं आणि जिन्यावरची धाप गेली. साठा भरायला पुढे तीन महिने गोळी चालू राहील, आणि पाळीचा त्रास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दाखवायचा आहे. कोसळण्याचे दिवस मात्र गोळीने नव्हे, कामाचे तुकडे पाडल्याने विरळ झाले. चौदाव्या आठवड्यात तिच्या वहीत सगळ्यात वाईट दिवस पाचचा होता, आणि तो ज्या दिवशी ती कदंबाच्या बसमध्ये पणजीपासून फोंड्यापर्यंत उभी राहून आली, त्याच्या दोन दिवसांनंतरचा होता.