प्रक्षेप काढला की अंतर मिळतं?

“P या बिंदूचं अंतर काढायचं, तर प्रतल असो वा रेषा, त्यावरचा एक बिंदू A धरून दिलेल्या सदिशावर AP चा प्रक्षेप घ्यायचा. त्याची लांबी म्हणजे अंतर.”

प्रतलासाठी हे बरोबर आहे, रेषेसाठी नाही. गोंधळ होतो तो दिलेल्या सदिशामुळे. प्रतलाचा अभिलंब प्रतलापासून थेट दूर जातो, म्हणून त्यावरचा प्रक्षेप हेच अंतर. रेषेचा दिशासदिश मात्र रेषेतूनच धावतो. त्यावरचा प्रक्षेप एवढंच सांगतो, की A पासून रेषेवर किती सरकलं की आपण P च्या समोर येतो.

A(1, 0, 2), P(5, 3, 4) आणि सदिश (2, 1, 2) घेऊ. त्याची लांबी 3. AP = (4, 3, 2), त्यामुळे अदिश गुणाकार 8 + 3 + 4 = 15 आणि प्रक्षेप 15/3 = 5.

हाच सदिश अभिलंब मानला, तर A मधून जाणारं प्रतल 2x + y + 2z = 6 आणि P चं अंतर खरोखर 5. (प्रक्षेप ऋण आला तर चिन्ह सोडायचं, P दुसऱ्या बाजूला आहे इतकंच.)

आता तोच सदिश A मधून जाणाऱ्या रेषेची दिशा माना. इथे 5 हा काटकोन त्रिकोणाचा पाया, AP हा कर्ण. AP² = 16 + 9 + 4 = 29, म्हणून अंतर √(29 − 25) = 2.

शंका असेल तर रेषेवरचा दुसरा बिंदू घ्या, समजा (−1, −1, 0). प्रक्षेप 5 चा 8 होतो. अंतर मात्र √(68 − 64), म्हणजे पुन्हा 2.