गुपित वेगळं, वारशाने आलेलं मौन वेगळं

आई-मुलीच्या कथेत कुणी गप्प असलं की आपण वाचक लगेच विचारतो, ही काय लपवतेय? कधी प्रश्न बरोबर असतो. पण पुष्कळदा लपवण्यासारखं काही नसतंच. गप्प राहायची रीतच आईकडून मुलीकडे आलेली असते. एमी टॅन यांच्या ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) या कादंबरीत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी भेटतात.

सुयुआनकडे गुपित आहे. युद्धकाळात चीनमधलं क्वेलिन शहर सोडून पळताना तिला आपल्या तान्ह्या जुळ्या मुली वाटेत सोडाव्या लागल्या. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलीला, जिंग-मेईला, ती क्वेलिनची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, पण शेवट दर वेळी बदलतो. हा बदलता शेवट म्हणजे गुपिताची खूण. खरी हकीगत कळते ती सुयुआनच्या मृत्यूनंतर, त्या जुळ्या मुलींचं पत्र येतं आणि जिंग-मेई चीनला जाते तेव्हा. एकीला ठाऊक असलेलं दुसरीला कळलं की असं मौन संपतं.

याच कादंबरीतली दुसरी आई ॲन-मेई, तिच्या घरातलं मौन असं संपत नाही, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करतं. तिच्या आईला घराने टाकलं होतं. तरी ज्या आईने आपल्याला नाकारलं, तिला वाचवायला ॲन-मेईच्या आईने स्वतःच्या दंडाचं मांस कापून सूपमध्ये घातलं. इथे कर्तव्य शब्दांच्या जागी येतं: दुखलं तरी बोलायचं नाही, करून दाखवायचं. श्रीमंत माणसाची रखेल म्हणून राहणाऱ्या या आईने पुढे अफू खाऊन जीव दिला. ॲन-मेई त्या दिवशी ओरडायला शिकली. आपल्या मुलीला, रोझला, तिने मुद्दाम उलटं शिकवलं. तरीही रोझ तशीच निघाली. नवरा टेड सगळे निर्णय घेत होता तोवर तिचं गप्प राहणं कुणाच्या नजरेत आलं नाही. एका खटल्यात हरल्यावर तो म्हणू लागला, तूच ठरव. तेव्हा तिला काहीच ठरवता येईना.

रोझपासून काहीही लपवलेलं नाही. म्हणून इथे सापडलेली डायरी किंवा जुनं पत्र कामाचं नाही. तिला घडलेलं कळण्याची गरज नसून, स्वतः एक वाक्य बोलण्याची गरज आहे. शेवटी ती टेडला सांगते की घर मी सोडणार नाही. एवढ्याने संघर्ष मिटत नाही, पण दिशा बदलते.

वाचताना मी एक चाचणी लावते: सगळं सत्य उघड झालं असं धरा, मग या दोघी बोलू लागतील का? उत्तर ‘हो’ असेल तर गुपित, ‘नाही’ असेल तर वारसा. चाचणी नेहमी चालत नाही. लहानपणभर गुपित जपणाऱ्या आईच्या सहवासात मुलगी प्रश्न न विचारायला शिकते. मग गुपित फुटल्यावरही ती सवय उरते, आणि अशा कथेत दोन्ही एकत्रच वाचावं लागतं.