माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तरच आलं नाही तर किती दिवस थांबायचं आणि मग पुढं काय करायचं

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून दोन-दोन, तीन-तीन महिने वाट बघत बसलेले लोक मला सतत भेटतात. विचारलं की म्हणतात, "साहेब म्हणाले फाईल वर गेलीय, येईल." फाईल कुठंही असू दे, कायद्याला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ मधलं कलम ७(२) सरळ सांगतं की ठरलेल्या मुदतीत जन माहिती अधिकाऱ्यानं निर्णय दिला नाही तर त्यानं तुमची विनंती नाकारली असं मानायचं. म्हणजे नकाराचं पत्र यायची वाट बघायचीच नाही, गप्प बसणं हाच नकार. आणि त्या दिवसापासून तुमच्या अपिलाची मुदत चालू होते, तुम्हाला कळो न कळो.

पात्रतेचं आधी उरकून घेऊ. भारताचा कुठलाही नागरिक अर्ज करू शकतो, माहिती कशाला पाहिजे ते सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात करायचा, फी १० रुपये, बहुतेक जण कोर्ट फी स्टॅम्प लावतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ आहे पण दाखल्याची प्रत जोडायला विसरू नका. एक अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.

आता मुदत. साधारण ३० दिवस, आणि माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. हे ३० दिवस तुम्ही पाकीट पोस्टात टाकलं तेव्हापासून नाही तर कार्यालयाला मिळालं त्या तारखेपासून मोजायचे, म्हणून हातानं दिलात तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्याच, पोस्टानं पाठवलात तर पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्या एका तारखेवर उभा असतो. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडं दिला असेल तर ५ दिवस जास्त धरायचे, म्हणजे ३५. माहिती दुसऱ्याच खात्याकडं असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडं पाठवायचा असतो आणि मग ३० दिवस त्या दुसऱ्या कार्यालयाला मिळाल्यापासून, त्यामुळं हस्तांतराचं पत्र आलं तर ते फेकू नका. त्रयस्थ व्यक्तीची माहिती असेल आणि तिला नोटीस काढावी लागली तर मुदत ४० दिवसांची होते.

एक उदाहरण तारखांसकट घेऊ. समजा रस्त्याच्या कामाची बिलं आणि मोजमाप वहीची प्रत मागितलीय आणि अर्जावर शिक्का पडलाय ३ जून २०२४ चा. ३० दिवस संपतात ३ जुलैला. ४ जुलैपासून तुमची विनंती कायद्यानं नाकारली गेलीय. पण ४ तारखेलाच धावत अपील देऊ नका, शेवटच्या दिवशी निघालेलं पत्र पोस्टात असू शकतं, मी स्वतः पाच-सहा दिवस थांबते. त्यापेक्षा जास्त मात्र नाही, कारण पहिलं अपील ३० दिवसांतच करायचं असतं, म्हणजे या उदाहरणात २ ऑगस्टपर्यंत.

पैशाचं पत्र आलं की हिशोब बदलतो, इथं बरेच जण चुकतात. समजा २० जूनला त्यांनी पत्र पाठवलं की ३२ पानं आहेत, पानाला २ रुपयांप्रमाणे ६४ रुपये भरा, आणि तुम्ही २८ जूनला भरले. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. २० जूनपर्यंत १७ दिवस गेले होते, १३ उरले, ते २८ जूनपासून पुढं मोजायचे, म्हणजे मुदत ११ जुलैला संपते. ५ जुलैला "उत्तर नाही" म्हणून अपील ठोकलंत तर ते मुदतपूर्व ठरतं, आणि फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं. आणि हेच पैशाचं पत्र ३ जुलै उलटून गेल्यावर पहिल्यांदा आलं तर? मग पैसे भरायचे नाहीत, कलम ७(६) प्रमाणे मुदत चुकली की माहिती फुकट द्यावी लागते, तसं लेखी कळवा आणि अपिलातही हाच मुद्दा लिहा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्मरणपत्रांमुळं. माझंच सांगते, एका कार्यालयात अर्ज दिला, महिना झाला, मी स्मरणपत्र दिलं, तिथले बाबू म्हणाले पुढच्या आठवड्यात या, मी गेले, परत दुसरं स्मरणपत्र, असं करत अपिलाची मुदत उलटून गेली आणि अपील दिलं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की उशीर का झाला. माझ्या हातात दोन स्मरणपत्रांच्या पोचा होत्या, पण स्मरणपत्रानं मुदत पुढं जात नाही, कायद्यात तशी सोयच नाही. उशिराचं सबळ कारण दिलं तर अपिलीय अधिकारी अपील घेऊ शकतात, पण ते त्यांच्यावर आहे. आजारपण असेल तर कागद जोडा, नुसतं "वाट बघत होतो" हे कारण चालेलच असं नाही. नाही चाललं तर नवा अर्ज टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं जातं, हा जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरच्या पदाचा असतो. महाराष्ट्रात जोडपत्र 'ब', सोबत २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मूळ अर्जाची प्रत, शिक्क्याची पोच, फीचं पत्र आलं असेल तर तेही आणि पैसे भरल्याची पावती. कारणाच्या रकान्यात लांबण लावू नका. "दिनांक ३ जून २०२४ रोजी अर्ज मिळाला, ३० दिवसांत निर्णय मिळाला नाही, कलम ७(२) नुसार विनंती नाकारल्याचे मानून हे अपील, माहिती विनामूल्य मिळावी" एवढं पुरतं.

आता इथंही घड्याळ आहेच. अपील १० जुलैला पोचलं तर ३० दिवसांत, ९ ऑगस्टपर्यंत, निकाल यायला हवा. कारणं लेखी नोंदवून ते ४५ दिवसांपर्यंत नेऊ शकतात, म्हणजे २४ ऑगस्ट. तोवरही काही नाही तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये, आणि आधीच्या सगळ्या कागदांच्या प्रती. यासाठी ९० दिवस मिळतात. कुठून मोजायचे यावर वाद नको म्हणून ९ ऑगस्टपासूनच धरा, ७ नोव्हेंबरच्या आत द्या. आयोगानं किती दिवसांत निकाल द्यायचा याची मुदत मात्र कायद्यात नाही, तिथं थांबावं लागतं.

दुसऱ्या अपिलात दंडाची मागणीही लिहा. विनाकारण उशीर केला असेल तर कलम २० प्रमाणे दिवसाला २५०, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्याला होऊ शकतो, आणि आपण योग्य वागलो हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर असते. काही जण पहिलं अपील सोडून कलम १८ ची तक्रार थेट आयोगाकडं करतात. तक्रारीत दंड होऊ शकतो, पण माहिती द्यायचा आदेश त्यातून मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. तुम्हाला मोजमाप वहीची प्रत पाहिजे असेल तर अपिलाचाच रस्ता धरा.