उकळलेलं पाणी कोमट होईपर्यंत थांबू नका

पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग त्यात पावडर मिसळायची, ही बाळाचं फॉर्म्युला दूध करण्याची सर्रास पद्धत. पाण्यातले जंतू त्यात मरतात, हे खरं. पण पावडर स्वतः निर्जंतुक नसते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. सीलबंद डब्यातही क्वचित क्रोनोबॅक्टर साकाझाकी नावाचा जीवाणू असू शकतो. कोरड्या पावडरीत तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरून राहतो. त्याचा संसर्ग विरळाच. मात्र दोन महिन्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात वा मेंदूच्या आवरणात तो पोहोचला, तर जिवावर बेततं.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं, की पावडर पडते तेव्हा पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं. एवढ्या उष्णतेत हा जीवाणू झपाट्याने मरतो. कोमट पाण्यात मरणं दूरच, उलट त्याला वाढायला ऊब मिळते. थर्मामीटर नसेल तर लिटरभर पाणी उकळून झाका आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. कपभरच उकळलं असेल, तर ते याहून बरंच लवकर निवतं. प्रोबायोटिक घातलेल्या पावडरीच्या डब्यावर कधीकधी कमी तापमान लिहिलेलं असतं; नाजूक बाळासाठी अशा वेळी डॉक्टरांनाच विचारावं.

समजा, ९० मिलिलिटर दूध करायचंय. बाटली, निपल आणि झाकण सुटं करून साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासा. निपलच्या कडेला आतून दुधाचा चिकट थर राहतो, तिथे बोट फिरवून बघा. मग सगळं पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटं उकळा. बाटलीत हवेचा बुडबुडा अडकला, तर तेवढा भाग कोरडाच राहतो. नंतर फडक्याने पुसू नका, निथळू द्या.

बाटलीत आधी ९० मिलिलिटर गरम पाणी घ्या, मग डब्यातल्याच चमच्याने, सपाट करून, डब्यावर सांगितली तेवढी मापं घाला. आधी पावडर टाकून रेघेपर्यंत पाणी भरलं, तर पाणी कमी पडून दूध घट्ट होतं. झाकण लावून हलवा आणि लगेच बाटली गार पाण्यात धरा. हे दूध तोंड भाजेल इतकं गरम असतं, तेव्हा मनगटावर थेंब टाकून पाहिल्याशिवाय पाजू नका.

बाळाने ६० मिलिलिटर पिऊन तोंड फिरवलं, तर उरलेलं ३० ठेवावंसं वाटतं. डबा महाग असतो. पण निपलमधून लाळ आत गेलेली असते आणि तिच्यातले जंतू कोमट दुधात वाढू लागतात. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात ते संपलं नाही, तर ओतून द्या. फ्रिजमध्ये ठेवूनही ते वाचत नाही. तोंड न लावलेलं दूध बाहेर दोन तास चालतं. तयार होताच गार करून फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आत मागच्या बाजूला, पाच अंशांखाली ठेवलं तर २४ तास टिकतं. परत कोमट करताना बाटली पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गरम पाण्यात ठेवू नका. मायक्रोवेव्ह तर नकोच: बाटली बाहेरून कोमट लागते, पण आत एखाद्या जागी दूध पोळण्याइतकं तापलेलं असतं.